दोन डोळे आणि एक उभी रेषा

विल्यम हाइड वुलस्टन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ. पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे दोन धातू त्याने शोधले. डोळ्यांच्या आजारांचा तो तज्ज्ञ नव्हता. पण एके दिवशी अचानक, समोर आलेल्या माणसाचा अर्धाच चेहरा त्याला दिसू लागला. एका दारावर ‘जॉन्सन’ असं नाव लिहिलेलं होतं. त्यातलं ‘सन’ तेवढं त्याला वाचता आलं, सुरुवातीची अक्षरं नव्हतीच. उजव्या डोळ्याने पाहिलं तरी तेच, डाव्या डोळ्याने पाहिलं तरी तेच. साधारण पाव तासाने सगळं पूर्ववत झालं. पुढे वीसेक वर्षांनी पुन्हा असाच प्रकार घडला, तेव्हा मात्र उजवी बाजू गेली होती.

दुसरा कुणी हा प्रसंग विसरून गेला असता. वुलस्टनने त्यावर विचार केला आणि १८२४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. त्या काळी अनेकांची समजूत अशी होती, की उजव्या डोळ्याची नस पूर्णपणे मेंदूच्या डाव्या बाजूला जाते आणि डाव्या डोळ्याची उजव्या बाजूला. तसं असतं, तर मेंदूच्या एका बाजूला इजा झाल्यावर एक अख्खा डोळा जायला हवा होता आणि दुसरा शाबूत राहायला हवा होता. प्रत्यक्षात त्याच्या दोन्ही डोळ्यांतून डावा अर्धाच भाग गेला होता. याचा अर्थ प्रत्येक डोळ्याच्या नसेतले निम्मे तंतू पलीकडे जात असणार आणि निम्मे आपल्याच बाजूला राहत असणार. न्यूटनने १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात हा तर्क प्रश्नाच्या रूपाने मांडलाच होता. वुलस्टनने तो स्वतःच्या दृष्टीवरून पुन्हा काढला.

आज डोळ्यांचा किंवा मेंदूचा डॉक्टर रुग्णाच्या नजरेतला कोणता भाग गेला हे तपासून आत कुठे बिघाड आहे ते सांगतो, तेव्हा तो हाच तर्क वापरत असतो. त्यासाठी पाठांतर लागत नाही. तंतू कुठून निघतात आणि कुठे पलीकडे जातात एवढं नीट कळलं, की बाकीचं कागदावर रेघा ओढून कुणालाही काढता येतं.

आधी डोळ्यापासून सुरुवात करू. एक डोळा झाकून समोरच्या एका ठिपक्याकडे स्थिर पाहिलं, तर न हलता जेवढा परिसर जाणवतो ते त्या डोळ्याचं दृष्टिक्षेत्र. नाकाकडे ते साधारण ६० अंशांपर्यंत जातं, कारण पुढे नाक आडवं येतं. कानाकडे मात्र ते ९० अंशांच्याही थोडं पुढे जातं. डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, हे चित्र उलटं घेतो. उजवीकडची वस्तू पडद्याच्या डाव्या अर्ध्यावर उमटते आणि वरची वस्तू खालच्या अर्ध्यावर. म्हणून प्रत्येक डोळ्याच्या पडद्याचा नाकाकडचा अर्धा भाग कानाकडचं जग पाहतो आणि कानाकडचा अर्धा भाग नाकाकडचं. हे एवढं उलटंपालटं मनात पक्कं बसलं, की पुढचं सोपं जातं.

प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा ते बारा लाख तंतूंची एक जुडी निघते. हीच डोळ्याची नस. दोन्ही डोळ्यांच्या नसा कवटीत थोडं मागे जाऊन मध्यभागी एकमेकींना भिडतात. या जागेला कायाझम म्हणतात. इथे पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्यातून आलेले तंतू पलीकडे जातात आणि कानाकडच्या अर्ध्यातले आपल्याच बाजूने मागे जातात. हे अगदी काटेकोर निम्मं नाही. माणसात साधारण ५३ टक्के तंतू पलीकडे जातात आणि ४७ टक्के जात नाहीत.

या अदलाबदलीचं फळ काय ते उजवीकडच्या एका झाडावरून पाहू. उजव्या डोळ्यात त्याचं चित्र नाकाकडच्या अर्ध्यावर पडतं, आणि ते तंतू कायाझममध्ये पलीकडे, म्हणजे मेंदूच्या डाव्या बाजूला जातात. डाव्या डोळ्यात त्याच झाडाचं चित्र कानाकडच्या अर्ध्यावर पडतं, आणि ते तंतू न ओलांडता डाव्याच बाजूला राहतात. दोन्ही डोळ्यांतली झाडाची बातमी डाव्या मेंदूत एकत्र येते. कायाझम हे टपालाची छाटणी करणारं कार्यालय आहे असं समजा: तिथवर पत्रं कोणत्या डोळ्यातून आली यानुसार दोन पिशव्यांत असतात आणि तिथून पुढे ती जगाच्या कोणत्या बाजूची आहेत यानुसार नव्या दोन पिशव्यांत भरली जातात. म्हणून छाटणीच्या आधी पिशवी हरवली तर एक डोळा जातो. छाटणीनंतर हरवली तर दोन्ही डोळ्यांतली जगाची एकच बाजू जाते.

या वाटणीची सीमा म्हणजे दृष्टीच्या बरोबर मध्यातून, जिथे आपण टक लावून पाहतो त्या बिंदूतून, खाली-वर जाणारी एक उभी रेषा. तिच्या उजवीकडचं सगळं एका बाजूला, डावीकडचं सगळं दुसऱ्या बाजूला. म्हणून कायाझममध्ये किंवा त्याच्या मागे बिघाड झाला, की गेलेला भाग या उभ्या रेषेपाशी येऊन थांबतो, भिंतीपाशी थांबावा तसा. डोळ्यातल्या आजारांचं तसं नसतं. काचबिंदूत नस डोळ्यातून जिथे बाहेर पडते तिथले तंतू मरतात, आणि पडद्यावर हे तंतू वरच्या आणि खालच्या अशा दोन कमानींतून येत असल्यामुळे काचबिंदूतला गेलेला भाग पुष्कळदा आडव्या रेषेपाशी थांबतो. दृष्टिक्षेत्राचा कागद हातात आल्यावर अनुभवी डॉक्टर पहिल्यांदा हेच बघतो, की काळा भाग आडव्या रेषेला मानतो की उभ्या. उभी रेषा दिसली, की त्याचं लक्ष डोळ्यावरून मेंदूकडे जातं.

कायाझमच्या आधीचा बिघाड समजायला सोपा आहे. एकाच नसेला सूज आली किंवा तिचा रक्तपुरवठा तुटला, तर त्याच डोळ्याची नजर जाते. बहुतेक वेळा मध्यभाग धूसर होतो, लाल रंग त्या डोळ्याला फिका, विटक्यासारखा दिसतो, आणि दुसरा डोळा झाकला की रुग्णाला ते लगेच उमगतं. डॉक्टर टॉर्चचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेतात, तेव्हा आजारी डोळ्यावर उजेड आल्यावर बाहुली आक्रसण्याऐवजी पसरते. हा प्रकार सहसा लपत नाही. खरा फसवा प्रकार कायाझमचा, आणि तो नीट पाहण्यासारखा आहे.

कायाझमच्या खाली, कवटीच्या तळाशी असलेल्या हाडाच्या खोबणीत पिट्युटरी ग्रंथी असते. वाटाण्याहून फार मोठी नाही, पण शरीरातल्या कितीतरी हार्मोन्सवर तिचा ताबा. कायाझम तिच्या वर साधारण १० मिलिमीटर अंतरावर असतो. या ग्रंथीत गाठ झाली, ती कॅन्सरची नसली तरी, वर वाढत वाढत एक दिवस कायाझमला खालून टेकते. तिथे ज्या तंतूंवर पहिला ताण येतो, ते मधून पलीकडे जाणारे तंतू असतात; कडेने सरळ मागे जाणारे बऱ्याच काळ वाचतात. पलीकडे जाणारे तंतू दोन्ही पडद्यांच्या नाकाकडच्या भागातून आलेले, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्या कानाकडच्या जगाचे. त्यामुळे उजव्या डोळ्याचं उजवं अर्धं क्षेत्र जातं आणि डाव्या डोळ्याचं डावं.

एक उदाहरण घेऊ. एका विशिष्ट रुग्णाची ही कथा नाही. डॉक्टरांना वारंवार भेटणारं चित्र आहे. चाळिशीतल्या एक बाई घरी शिवणकाम करतात. वर्षभर त्यांना डोळ्यांचा त्रास आहे. सुईत दोरा ओवताना सुईचं भोक मध्येच नाहीसं होतं. दाराच्या चौकटीला खांदा लागतो, कधी उजवा, कधी डावा. चष्मा दोनदा बदलून झाला. डोकं दुखतं, ते चष्म्यामुळेच असेल असं सगळे म्हणतात. पाळी अनियमित झाली आहे, पण ती वयामुळे असेल असं त्यांनी मनाशी ठरवलं आहे, आणि डोळ्याच्या डॉक्टरला ती गोष्ट सांगायची असते हे त्यांच्या डोक्यातही आलेलं नाही.

दवाखान्यात भिंतीवरचा तक्ता वाचायला दिला तर उजव्या डोळ्याने ६/६, डाव्या डोळ्याने ६/९. म्हणजे जवळजवळ उत्तम. तक्ता वाचायला मध्यभागाची नजर पुरते, आणि तिचा अर्धा हिस्सा शाबूत असला तरी अक्षरं ओळखता येतात. इथे बहुतेकांची तपासणी थांबते. पण एखादा डॉक्टर त्या कशा वाचतात हेही ऐकतो. उजव्या डोळ्याने वाचताना बाई ओळीतली डावीकडची अक्षरं वाचतात आणि उजवीकडची सोडतात. डाव्या डोळ्याने नेमकं उलट. चष्म्याचा नंबर चुकला असता, तर सगळीच अक्षरं सारखी धूसर झाली असती. एका बाजूची गळली नसती.

मग डॉक्टर त्यांच्यासमोर साधारण हातभर अंतरावर बसतात. “ताई, डावा डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि उजव्या डोळ्याने माझ्या नाकाकडेच बघत राहा. बोट हललं की सांगा, पण बोटाकडे बघायचं नाही.” वर उजवीकडे बोट हललं, बाई गप्प. खाली उजवीकडे, थोड्या वेळाने “हलतंय वाटतं.” डावीकडे वर आणि खाली लगेच “हो”. डोळा बदलला. आता वर डावीकडे गप्प, खाली डावीकडे संकोच, उजवीकडे स्पष्ट “हो”. मग डॉक्टर औषधाच्या बाटलीचं एक लाल झाकण आधी नाकाच्या एका बाजूला धरतात आणि मग दुसऱ्या. कानाकडच्या बाजूला तेच झाकण बाईंना तपकिरी वाटतं, मध्यरेषा ओलांडली की एकदम लाल. बोटांच्या तपासणीत न सापडणारा दोषही या लाल रंगात पुष्कळदा सापडतो.

आता कागदावर रेघा ओढू. दोन्ही डोळ्यांत दोष आहे, म्हणजे एकाच नसेचा बिघाड नाही. दोष दोन्हींत एकाच बाजूला नाही, तर दोन्हींत बाहेरच्या, कानाकडच्या बाजूला आहे, म्हणजे बिघाड छाटणीच्या मागे नाही. दोन्ही डोळ्यांचे फक्त पलीकडे जाणारे तंतू एकत्र सापडतील अशी जागा एकच, कायाझमचा मध्य. शिवाय वरचा भाग आधी गेला आणि खालचा आता जाऊ लागला आहे. वरचं जग पडद्याच्या खालच्या अर्ध्यावर उमटतं, आणि ते तंतू कायाझमच्याही खालच्या बाजूने जातात. तिथे आधी ताण आला, म्हणजे दाब खालून येतोय. कायाझमच्या खाली पिट्युटरी ग्रंथी. हेच दृष्टिक्षेत्र खालून वर बिघडत गेलं असतं, तर दाब वरून येतोय असा संशय आला असता, आणि तिथे होणाऱ्या वेगळ्या गाठींचा विचार करावा लागला असता. एमआरआय यंत्रात जाण्याआधीच बिघाडाची जागा आणि दिशा कळली, ती फक्त एका बोटाच्या हालचालीवरून. हे मला आजही थक्क करतं.

दोन्ही डोळे उघडे असताना बाईंना हा दोष लक्षात का आला नाही, याचं उत्तरही तंतूंच्या ओलांडण्यातच आहे. उजव्या डोळ्याची नाकाकडची शाबूत बाजू डावीकडचं जग ६० अंशांपर्यंत पाहते. डाव्या डोळ्याची नाकाकडची बाजू उजवीकडचं जग तेवढंच पाहते. दोन्ही मिळून समोरचा मोठा पट्टा भरून काढतात. दोन्ही कडांचा शेवटचा भाग तेवढा जातो, म्हणून दाराची चौकट लागते. शिवाय गेलेला भाग काळा दिसत नाही. आपल्या डोक्यामागे काय आहे ते आपल्याला काळं दिसत नाही, ते नुसतं नसतं. तसाच हा भाग नसतो. म्हणून “अर्धं दिसत नाही” अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण कमी. “चष्मा नीट बसत नाही” असं म्हणणारेच जास्त.

सुईचं कोडंही यातूनच सुटतं. आपण दोऱ्याच्या टोकाकडे पाहतो, तेव्हा त्याच्या पलीकडची प्रत्येक वस्तू दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर नाकाकडच्या अर्ध्यात पडते. बाईंच्या दोन्ही डोळ्यांचे तेच अर्धे भाग निकामी झालेले. म्हणून दोऱ्याकडे पाहिलं की पलीकडचं सुईचं भोक गायब. सुई तिथेच आहे, फक्त नजर जिथे टेकली त्याच्या मागे बाईंसाठी आंधळ्या जागेचा एक त्रिकोण तयार झाला आहे. नखं कापताना, भाजी बारीक चिरताना हाच त्रास होतो.

पुढची पायरी म्हणजे पेरिमेट्री, बोली भाषेत फील्ड टेस्ट. अर्धगोल पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे पाहायचं आणि कुठेही मंद उजेड चमकला की बटण दाबायचं. नेहमीची चाचणी मधल्या २४ किंवा ३० अंशांची असते. दमलेल्या किंवा झोप आलेल्या माणसाचा कागद वाईट येतो, म्हणून यंत्र ठिपक्यावरची नजर आणि चुकीची बटणं यांचीही नोंद ठेवतं. एखादी पापणी खाली ओघळलेली असेल, तर वरचा भाग काळा येतो आणि गाठ असल्याचा भास होतो. पण पापणीची सावली उभ्या रेषेशी थांबत नाही, ती दोन्ही बाजूंना आडवी पसरते. उभी रेषा खरी की भास, यासाठी चाचणी पुन्हा केली जाते.

बाईंच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे हार्मोन खूप वाढलेलं आढळलं, असं धरू. पाळी बिघडण्याचं कारण तेच. पिट्युटरीच्या गाठींत ही गाठ वेगळी, कारण ती सहसा गोळ्यांनी आक्रसते. कॅबरगोलीन नावाचं औषध घेतल्यावर आठवड्यांत, काहींना त्याहूनही लवकर, दृष्टिक्षेत्र मोकळं होऊ लागतं. इतर प्रकारच्या मोठ्या गाठींना शस्त्रक्रिया लागते, ती बहुधा नाकपुडीतून जाऊन होते, डोक्याची कवटी उघडावी लागत नाही. नजर किती परत येईल हे तंतू किती काळ दाबले गेले यावर ठरतं. दबलेला तंतू काही काळ जिवंत असतो आणि दाब गेला की पुन्हा काम करतो. मेलेला तंतू परत येत नाही. डोळ्यात पाहिल्यावर नसेचं टोक पांढरट पडलेलं दिसलं, किंवा ओसीटी या स्कॅनमध्ये तंतूंचा थर बारीक झालेला दिसला, तर डॉक्टर परत येण्याची आशा कमी ठेवतात. बाई पहिल्या चष्म्याच्या वेळी आल्या होत्या आणि दुसऱ्या चष्म्यानंतर गाठ सापडली, या दोहोंतलं अंतर म्हणूनच महत्त्वाचं.

कधी ही गाठ डोळ्याची नस आणि कायाझम यांच्या सांध्यावर दाबते. तेव्हा एका डोळ्याची मध्यातली नजर जाते आणि रुग्ण फक्त त्याची तक्रार करतो. ‘चांगल्या’ डोळ्यात मात्र कानाकडच्या वरच्या कोपऱ्यात एक लहानसा तुकडा गेलेला असतो. रुग्णाला तो जाणवत नाही आणि कुणी तपासला नाही, तर एका नसेची सूज समजून औषधं दिली जातात. म्हणून तक्रार एकाच डोळ्याची असली, तरी दोन्ही डोळ्यांची क्षेत्रं तपासावी लागतात. इथे मी आग्रही आहे. चांगला डोळा न तपासता झालेली तपासणी अपुरी असते.

आता कायाझमच्या मागे जाऊ. इथे जगाची एक बाजू एकत्र आलेली असते, म्हणून इथला बिघाड दोन्ही डोळ्यांतून तीच बाजू घेऊन जातो. सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पक्षाघात, आणि त्यातही मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी बंद होणं. हात-पाय चालतात, बोलणं नीट असतं, तोंड वाकडं नसतं, म्हणून घरच्यांना हा पक्षाघात आहे असं वाटतच नाही. आजोबा म्हणतात, “उजव्या डोळ्याने दिसायचं बंद झालं,” आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं जातं. तिथे मोतीबिंदू सापडतो, कारण या वयात तो असतोच, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरते. आजोबांनी डावा डोळा झाकून आणि मग उजवा झाकून पाहिलं असतं, तर कळलं असतं, की गेलेली आहे ती उजवी बाजू, उजवा डोळा नव्हे.

कोणती बाजू जाते यावर वाचनाचे हालही ठरतात. मराठी डावीकडून उजवीकडे वाचतात. वाचताना नजर पुढच्या शब्दांचा अंदाज उजवीकडे आधीच घेत असते. उजवी बाजू गेली, की तो अंदाज बंद होतो आणि माणूस एकेका अक्षरावर अडखळतो. डावी बाजू गेली, तर ओळ वाचता येते, पण ओळ संपल्यावर पुढच्या ओळीची सुरुवात सापडत नाही. बोट किंवा पट्टी समासावर ठेवून वाचायला शिकवलं, की डाव्या बाजूचा त्रास बराच कमी होतो. उर्दू वाचणाऱ्याचं नेमकं उलट होतं.

कायाझमच्या मागे तंतू जसजसे पुढे जातात, तसतसे ते पसरतात. वरच्या जगाचे तंतू आधी कानामागच्या, म्हणजे टेम्पोरल भागातून वळसा घेतात. या वळशाला अडॉल्फ मायर याच्या नावाने मायरचा वळसा म्हणतात. फिट्सच्या काही रुग्णांत टेम्पोरल भागाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढतात, तेव्हा हा वळसा सापडू शकतो, आणि विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यात दोन्ही डोळ्यांना थोडं कमी दिसतं. खालच्या जगाचे तंतू जरा वरून, पॅरायटल भागातून जातात. तिथला बिघाड खालचा कोपरा नेतो. पायरी दिसत नाही, ताटाचा एक कोपरा दिसत नाही, अशा तक्रारी इथल्या.

शेवटी सगळे तंतू डोक्याच्या अगदी मागे, मानेच्या वरच्या हाडापाशी असलेल्या दृष्टीच्या पृष्ठभागावर पोहोचतात. हा पृष्ठभाग कसा वाटला गेला आहे, याचा पहिला चांगला नकाशा युद्धाने दिला. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) नव्या वेगवान रायफलींच्या गोळ्या डोक्यातून आरपार गेल्या तरी पुष्कळ सैनिक वाचले. तात्सुजी इनोउये या जपानी नेत्रवैद्याकडे अशा सैनिकांच्या दृष्टीचं किती नुकसान झालं ते मोजण्याचं काम होतं, पेन्शन ठरवण्यासाठी. त्याने गोळी कुठून शिरली आणि कुठून बाहेर पडली हे मोजून मेंदूतला मार्ग काढला आणि तो प्रत्येकाच्या दृष्टिक्षेत्राशी ताडून पाहिला. १९०९ मध्ये त्याने ते जर्मनीत छापलं. त्यातून कळलं, की नजरेचा बारीकसा मध्यभाग मेंदूत सर्वांत मागे असतो आणि कितीतरी मोठी जागा अडवतो. काही पक्षाघातांत अर्धं क्षेत्र गेलं तरी मध्यभोवतीचा थोडा भाग वाचतो, त्याचं एक कारण या मागच्या टोकाला दुसऱ्या धमनीकडूनही रक्त मिळतं हे आहे.

मागच्या भागातल्या बिघाडाची आणखी एक खूण म्हणजे दोन्ही डोळ्यांचे कागद एकमेकांवर ठेवले, तर गेलेले भाग जवळजवळ तंतोतंत जुळतात. कायाझमच्या जवळ बिघाड असेल, तर ते जुळत नाहीत, कारण तिथे दोन डोळ्यांचे तंतू अजून नीट शेजारी शेजारी बसलेले नसतात. बाहुल्याही मदत करतात: अगदी मागच्या बिघाडात बाहुली उजेडाला नेहमीसारखी आक्रसते, कारण बाहुलीकडे जाणारे तंतू वाटेतच वेगळे झालेले असतात.

वुलस्टनच्या पाव तासाच्या प्रसंगाबद्दल आजचा डॉक्टर पहिल्यांदा मायग्रेनचा विचार करेल. मायग्रेनमध्ये दोन्ही डोळ्यांच्या एका बाजूला चमकणारी, नागमोडी रेघ येते, हळूहळू पसरते आणि वीस-तीस मिनिटांत जाते; मागोमाग बहुधा डोकं दुखतं. पक्षाघातात पसरणं नसतं, एका क्षणात बाजू गेलेली असते. वुलस्टनचा मृत्यू १८२८ मध्ये झाला आणि शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत गाठ आढळली. पण वीस वर्षांपूर्वीचा तो पहिला झटका याच गाठीचा होता, असं मानायला आधार नाही.

घरी हे तपासायला एक माणूस आणि दोन मिनिटं पुरतात. ज्याला त्रास आहे त्याने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, समोर हातभर अंतरावर बसलेल्याच्या नाकाकडे पाहायचं आणि दुसऱ्याने वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, अशा चारही कोपऱ्यांत बोटं दाखवून विचारायचं, किती बोटं आहेत. मग डोळा बदलायचा. डोळा बदलणं विसरलं, तर तपासणी फुकट. ही तपासणी ठीक आली म्हणजे दोष नाहीच असं मात्र मानू नका. छोटे आणि सुरुवातीचे दोष तिला सापडत नाहीत. त्यांच्यासाठी फील्ड टेस्टच हवी.

पाळीतला बदल, स्तनातून दूध येणं, चपलेचा किंवा अंगठीचा आकार वाढणं, यांपैकी काही नजरेच्या तक्रारीसोबत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरला न विचारताही सांगा. चष्मा बदलूनही दारं आणि माणसं लागत असतील, तर “माझी फील्ड टेस्ट करा” असं सरळ म्हणा. आणि नजरेची एक बाजू अचानक गेली, किंवा भयंकर डोकेदुखीबरोबर नजर घटली, तर चष्म्याच्या दुकानात किंवा दुसऱ्या दिवशीच्या अपॉइंटमेंटला न जाता त्याच तासाला मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, आणि तिथे “डोळा गेला” असं न म्हणता “दोन्ही डोळ्यांची अमुक बाजू दिसत नाही” असं सांगा.